महिनाअखेरची साठा मोजणी आणि नोंदींशी ताळमेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्या भागांचे भांडार सांभाळणाऱ्या, किंवा त्याचे हिशेब पाहणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांमधून हे पान तयार केले आहे. बहुतेक प्रश्नांचा रोख एकच असतो : मोजणीत माल कमी भरला, तो गेला कुठे? या पानावरील उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत. मालाचे मूल्यांकन आणि कर हे विषय येथे घेतलेले नाहीत.

१. मोजलेला साठा नेमका कशाशी ताडून पाहायचा?

साधे उत्तर असे की, तो संगणकातील किंवा साठा नोंदवहीतील शिलकेशी ताडायचा. मागील महिन्याची शिल्लक, त्यात या महिन्याची आवक मिळवून आणि जावक वजा करून जो आकडा येतो, तो पुस्तकी साठा होय. परंतु जेथे प्रत्येक कप्प्याला बिन कार्ड टांगलेले असते, तेथे दोन नव्हे तर तीन आकडे हाताशी असतात : संगणकाचा, बिन कार्डाचा आणि प्रत्यक्ष मोजणीचा. हे तिन्ही शेजारी शेजारी मांडले की शोधाची अर्धी दिशा तेथेच ठरते.

बिन कार्ड आणि प्रत्यक्ष माल जुळत असेल, पण संगणक वेगळे सांगत असेल, तर माल बहुधा जागेवर असून कागद हिशेब विभागापर्यंत पोहोचलेला नसतो किंवा चुकीचा नोंदला गेलेला असतो. याउलट बिन कार्ड आणि संगणक जुळत असून माल कमी असेल, तर माल कागदाशिवाय हलला आहे, किंवा तो दुसऱ्या जागी आहे आणि मोजणीत आलेला नाही. तिन्ही आकडे वेगवेगळे असतील, तर एकाहून अधिक चुका एकमेकींत मिसळल्या आहेत असे धरून चालावे. अर्थात, बिन कार्ड माल हलवतानाच भरले जात असेल तरच ही पद्धत उपयोगी पडते. संध्याकाळी संगणकावर पाहून ते भरत असतील, तर ते तिसरा साक्षीदार राहत नाही, दुसऱ्याचीच नक्कल ठरते.

२. मोजणीच्या वेळी आवक-जावक बंद ठेवणे आवश्यकच आहे का?

बंद ठेवता आली तर उत्तम. पण बंद ठेवण्यापेक्षाही कट-ऑफची रेषा स्पष्ट आखणे अधिक महत्त्वाचे आहे. मोजणी सुरू करण्यापूर्वी त्या क्षणापर्यंत वापरलेल्या शेवटच्या आवक पावतीचा, शेवटच्या जावक स्लिपचा, शेवटच्या परत-जमा स्लिपचा आणि बाहेर गेलेल्या मालाच्या शेवटच्या चलनाचा क्रमांक एका कागदावर लिहून ठेवावा आणि त्यावर भांडारपाल व मोजणी प्रमुख या दोघांनी सही करावी. पुस्तकी साठ्याची प्रतही त्याच क्षणाची काढून ठेवावी. या क्रमांकांपर्यंतचा प्रत्येक कागद नोंदला गेला आहे आणि त्यापुढचा एकही नोंदला गेलेला नाही, एवढे सिद्ध झाले की दोन्ही बाजू एकाच क्षणाच्या आहेत असे म्हणता येते.

काम थांबवणे शक्य नसेल, तर मोजणीदरम्यान हलणाऱ्या मालासाठी वेगळी नोंद ठेवावी. प्रत्येक हालचालीपुढे वेळ लिहावी आणि तो कप्पा तेव्हा मोजून झाला होता की नव्हता हेही लिहावे. या दुसऱ्या माहितीशिवाय पहिली निरुपयोगी ठरते. त्या वेळात आलेला नवा माल मात्र दारापाशी वेगळ्या जागी, ‘मोजणीत धरू नये’ अशी पाटी लावून ठेवावा. तो कप्प्यात गेला की कोणता जुना आणि कोणता नवा हे कोणालाही सांगता येत नाही.

३. महिनाअखेरीला सुट्टी होती म्हणून मोजणी तीन तारखेला झाली. मग ताळमेळ कसा घालायचा?

मोजलेल्या आकड्यावरून मागे जाऊन महिनाअखेरचा साठा काढता येतो :

महिनाअखेरचा साठा = मोजलेला साठा + मधल्या काळातील जावक − मधल्या काळातील आवक

तीन तारखेला १४० नग भरले, मधल्या काळात ३५ नग दिले गेले आणि २५ नग आले, तर महिनाअखेरीला १५० नग असायला हवेत. चिन्हे उलटी पडण्याची चूक येथे सर्रास होते. मागे जाताना गेलेला माल परत मिळवायचा असतो आणि नंतर आलेला काढून टाकायचा असतो, हे ध्यानात ठेवावे. मधले दिवस जितके जास्त, तितके हे गणित त्या दिवसांतील नोंदींच्या अचूकपणावर अवलंबून राहते, आणि नेमका तोच अचूकपणा तपासण्यासाठी आपण मोजणी करत असतो. त्यामुळे मधल्या काळात वर्दळ फार असेल, तर महत्त्वाच्या वस्तू तरी आधी मोजून घ्याव्यात.

४. मोजणाऱ्याच्या पत्रकावर पुस्तकी आकडा छापावा का? त्यामुळे काम लवकर होते.

छापू नये. पत्रकावर १४४ लिहिलेले दिसले की कप्प्यात १४१ मोजणारा माणूस स्वतःवरच शंका घेतो आणि १४४ लिहून मोकळा होतो. यात लबाडी असतेच असे नाही, पण मोजणीचा उपयोग मात्र संपतो. पत्रकावर वस्तूचा क्रमांक, वर्णन, कप्पा आणि एकक एवढेच असावे. एकक मात्र हवेच : नग, जोडी, खोका, मीटर. ते नसेल तर १२ नगांचा एक खोका कोणी १ लिहितो आणि कोणी १२.

यातून काम लवकर होते हा मुद्दा खरा आहे, पण तो वेळ पुढे फेरमोजणीत दामदुपटीने जातो.

५. काही कप्पे मोजायचे राहून जातात, काही दोनदा मोजले जातात. यावर उपाय काय?

अनुक्रमांक छापलेले टॅग वापरावेत. प्रत्येक जागी एक टॅग लावायचा, मोजणी झाल्यावर त्याचा अर्धा भाग फाडून घ्यायचा आणि उरलेला तेथेच राहू द्यायचा. शेवटी फेरी मारताना टॅग नसलेली जागा डोळ्यांत भरते. दिलेल्या टॅगपैकी वापरलेले, रद्द केलेले आणि कोरे परत आलेले यांची बेरीज दिलेल्या टॅगइतकीच भरली पाहिजे. एकही टॅग हरवला असेल, तर त्या जागेची मोजणी हिशेबात आलेली नाही, असे धरावे.

त्यानंतर दोन्ही दिशांनी नमुना तपासणी करावी. पत्रकावरून काही वस्तू निवडून त्या जागेवर जाऊन पाहिल्या की नसलेला माल लिहिला गेला आहे का ते कळते, आणि जागेवरील काही वस्तू निवडून त्या पत्रकात शोधल्या की असलेला माल लिहायचा राहिला आहे का ते कळते. पुष्कळ ठिकाणी फक्त पहिली दिशा तपासतात. पण हरवलेल्या वस्तूच्या शोधात दुसरी दिशा अधिक कामाची आहे, कारण चुकीच्या कप्प्यात पडलेला माल तीतूनच सापडतो.

रचून ठेवलेल्या खोक्यांबाबत एक सूचना द्यावीशी वाटते. बाहेरून चार रांगा आणि पाच थर मोजून गुणाकार करण्यापूर्वी मधली जागा भरलेली आहे का आणि खोकी बंदच आहेत का, ते पाहावे. उघडून पुन्हा चिकटपट्टी लावलेले खोके आतून मोजलेच पाहिजे. त्यावरील छापील संख्या तेव्हा काहीच सांगत नाही.

६. वायसर, स्क्रू यांसारखे बारीक भाग आम्ही वजनावर मोजतो. त्यात दर वेळी फरक येतो. का?

बहुतेक वेळा रिकाम्या डब्याचे वजन वजा करायचे राहून गेलेले असते. शंभर नगांचे वजन ८४० ग्रॅम भरले, तर एक नग ८.४ ग्रॅमचा झाला. डब्यासह वजन १३.०२ किलो असेल आणि डबा ४२० ग्रॅमचा असेल, तर निव्वळ वजन १२.६ किलो, म्हणजे १,५०० नग. डबा वजा केला नाही, तर १,५५० नग दिसतात, आणि पुढच्या महिन्यात कोणी तो वजा केला की ५० नग हरवल्याची ओरड होते.

दुसरे कारण नमुना फार लहान असणे. दहा नग तोलून सरासरी काढली, तर काट्याची लहानशी चूकही पुढे दीडशे पटीने गुणली जाते. नमुना किमान शंभर नगांचा घ्यावा, आणि नव्या खेपेचा माल आल्यावर सरासरी पुन्हा काढावी, कारण लेप किंवा जाडी बदलली की एका नगाचे वजन बदलते. अशा वस्तूंसाठी थोडी तफावत क्षम्य धरावी आणि ती मर्यादा मोजणीपूर्वीच लिहून ठेवावी. मोजणीनंतर ठरवलेली मर्यादा नेहमी आलेल्या तफावतीपेक्षा किंचित मोठीच निघते.

७. तफावत निघाली. आता शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा?

आधी फेरमोजणी करावी, आणि ती दुसऱ्या माणसाकडून. पहिला आकडा त्याला सांगू नये. फेरमोजणीतही तूट कायम राहिली, तर पुढील क्रमाने जावे, कारण यात लवकर तपासता येणारी आणि वारंवार घडणारी कारणे आधी येतात.

पहिली पायरी कट-ऑफची : प्रश्न २ मध्ये लिहून ठेवलेल्या क्रमांकांपर्यंतचे सर्व कागद नोंदले गेले आहेत का? दुसरी जागेची : तपासणीचे टेबल, परत आलेल्या मालाची मांडणी, बांधणीची जागा, कामाच्या ठिकाणी नेऊन न वापरलेला माल. तिसरी एककाची : खोके आणि नग यांची गल्लत झाली आहे का? चौथी क्रमांकाची : शेजारच्या किंवा सारख्या दिसणाऱ्या वस्तूत तेवढाच जादा माल आहे का? पाचवी पायरी म्हणजे मागील जुळलेल्या मोजणीपासूनची प्रत्येक स्लिप बिन कार्डाशी आणि संगणकाशी एकेक करून ताडणे. ही सर्वांत कंटाळवाणी असल्याने शेवटी ठेवली आहे. येथवर येऊनही जी तूट उरते, तिलाच खरी तूट म्हणावे.

प्रत्येक पायरीनंतर उरलेली तूट लिहीत जावी. तसे केले नाही, तर दोन माणसे एकच स्लिप दोन वेगवेगळ्या कारणांखाली वजा करून बसतात.

८. हे सगळे एखाद्या वस्तूवर करून दाखवाल का?

६२०४ क्रमांकाच्या बॉल बेअरिंगचे उदाहरण घेऊ. महिन्याच्या ३१ तारखेला संध्याकाळी सहा वाजता संगणकात शिल्लक २४० नग. कप्प्यात मोजणी १८८, फेरमोजणीही १८८. तूट ५२ नग. कप्प्याला टांगलेले बिन कार्ड मात्र १९० दाखवत होते. प्रश्न १ मधील कसोटी लावली, तर बिन कार्ड मालाच्या अगदी जवळ आहे आणि संगणक दूर. म्हणजे बहुतांश घोळ कागदाचा आहे, हे शोध सुरू होण्यापूर्वीच दिसत होते.

कट-ऑफच्या कागदावरील शेवटच्या जावक स्लिपपर्यंतच्या स्लिपा तपासल्या, तेव्हा दुपारी चार वाजता दिलेल्या २० नगांची स्लिप सापडली. माल त्याच दिवशी गेला होता, पण स्लिप संगणकात दुसऱ्या दिवशी सकाळी, पुढच्या महिन्याच्या तारखेने चढली होती. ती धरल्यावर संगणकाची शिल्लक २२० झाली आणि तूट ३२ उरली.

मग जागा पाहिल्या. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात १२ नगांची चार खोकी आली होती आणि आवक पावतीप्रमाणे ४८ नग संगणकात जमा झाले होते. तीन खोकी कप्प्यात गेली. चौथे नमुना तपासणीसाठी उघडले गेले आणि तपासणीच्या टेबलाखालीच राहिले. तेथे टॅग लावलेला नव्हता. भांडारपाल बिन कार्डावर कप्प्यात ठेवलेलाच माल लिहीत असल्याने कार्डावरही हे १२ नग नव्हते. ते मोजणीत मिळवल्यावर प्रत्यक्ष साठा २०० झाला आणि तूट २० वर आली.

एककाची चूक सापडली नाही. शेजारच्या कप्प्यात ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये मात्र १८ नग जादा भरत होते. दोन्ही बेअरिंग दिसायला सारखी असली, तरी ६२०४ चा आतील व्यास २० मिलिमीटर आणि ६२०५ चा २५ मिलिमीटर असतो. ६२०५ ची त्या महिन्यातील १८ नगांची एकच जावक स्लिप होती आणि तीवरील शेवटचा आकडा ओझरता लिहिलेला होता. स्लिपवर ज्या यंत्राचे नाव होते, त्याचे दंड २० मिलिमीटरचे असल्याने त्यावर ६२०५ बसूच शकत नव्हते. शिवाय ६२०४ च्या बिन कार्डावर त्याच तारखेला १८ नगांची जावक लिहिलेली होती. म्हणजे माल ६२०४ चा गेला आणि नोंद ६२०५ ला पडली. ही दुरुस्ती केल्यावर ६२०४ ची संगणकातील शिल्लक २०२ झाली, ६२०५ जुळले आणि तूट २ उरली.

बिन कार्डावरील १९० आणि कप्प्यातील १८८ यांमधील फरकही दोनच होता, तेव्हा हे दोन नग कागदाशिवाय गेले, एवढे निश्चित. दुरुस्ती विभागाच्या कामाच्या वहीत रात्रपाळीतील एका मोटरची ‘दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली’ अशी नोंद होती, पण बेअरिंगचा क्रमांक लिहिलेला नव्हता आणि त्या पाळीची स्लिपही नव्हती. संशय सबळ आहे, पुरावा नाही. अशा वेळी मागाहून स्लिप बनवून आकडा जुळवण्यापेक्षा ‘कारण निश्चित नाही, रात्रपाळीतील विनास्लिप जावक संभाव्य’ असे लिहून दोन नगांची तूट मान्य करणे योग्य, असे माझे मत आहे. जुळवलेल्या स्लिपेने तो महिना सुटतो, पण रात्री भांडाराची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न तसाच राहतो.

९. तफावतीच्या आकड्यावरूनच चुकीचा अंदाज येतो, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

काही प्रमाणात खरे आहे. तफावतीला ९ ने निःशेष भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाल्याची शक्यता तपासावी. ७२ ऐवजी २७ लिहिले, तर फरक ४५ येतो. तफावत सम असेल, तर तिच्या निम्म्या संख्येचा व्यवहार शोधावा, कारण जावक चुकून आवकेत नोंदली गेली की फरक त्या व्यवहाराच्या दुप्पट येतो. तफावत खोक्यातील नगांच्या पटीत असेल, तर एखादे खोके मोजायचे राहिले किंवा दोनदा मोजले गेले असावे. आणि तफावतीइतक्याच नगांचा एखादा व्यवहार त्या महिन्यात असेल, तर तो नोंदायचा राहिला किंवा दोनदा नोंदला गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

ही लक्षणे आहेत, निदान नव्हे. वरील उदाहरणात ६२०५ मध्ये जादा भरलेल्या १८ नगांना ९ ने भाग जातो, १२ च्या खोक्याचे दीडपटही तेवढेच होतात, पण खरे कारण तिसरेच निघाले. शिवाय दोन चुका एकत्र आल्या की त्यांच्या बेरजेवरून काहीच उमगत नाही.

१०. एका वस्तूत पाच नग कमी आणि दुसरीत पाच जादा आहेत. एकमेकांत वळते करून टाकावे का?

संख्या सारखी असणे हे कारण पुरेसे नाही. दोन्ही वस्तू एकमेकींऐवजी दिल्या जाऊ शकतात का, क्रमांक किंवा रूप सारखे आहे का, आणि विशिष्ट स्लिपवर बोट ठेवता येते का, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तरच वळते करावे, तेही दोन स्वतंत्र दुरुस्ती नोंदींनी. प्रश्न ८ मध्ये स्लिप, दंडाचा व्यास आणि बिन कार्ड असे तीन पुरावे होते.

अहवालातही निव्वळ तफावत देऊन थांबू नये. २०० नगांची तूट आणि १९५ नगांचा जादा माल मिळून ‘निव्वळ तूट ५’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला भांडार शिस्तीत आहे असे वाटेल. तूट आणि जादा वेगवेगळी दाखवावीत.

११. संगणकात शिल्लक उणे दिसते. कप्प्यात तर माल आहे. हे कसे शक्य आहे?

माल आल्यावर आवक पावती बनण्यापूर्वीच तो वापरायला दिला गेला, की असे होते. जावक चढलेली असते, आवक वाटेत असते. पडून राहिलेली चलने तपासली की बहुतेक उणे शिलका नाहीशा होतात. काही ठिकाणी तयार मालाच्या नोंदीवरून सुट्या भागांची जावक आपोआप पडते. तेथे एका नगाला किती भाग लागतात, ही संख्या यादीत चुकीची असण्याचीही शक्यता असते.

उणे शिल्लक दिसली की लगेच समायोजन करून ती शून्य करू नये. दोन दिवसांनी राहिलेली आवक पावती चढते आणि तोच माल दुसऱ्यांदा जमा होतो. मग पुढच्या महिन्यात ‘हरवलेला’ माल म्हणून आपण त्याचाच शोध घेत बसतो.

१२. दुसऱ्याचा माल आमच्याकडे आहे आणि आमचा माल बाहेर कामाला गेला आहे. मोजणीत काय धरायचे?

माल कोठे आहे यावर नव्हे, तर तो कोणाच्या हिशेबात आहे यावर हे ठरते. दुसऱ्याचा माल वेगळ्या रंगाच्या टॅगने मोजावा, पण आपल्या साठ्यात मिळवू नये. न मोजणे हा पर्याय नाही, कारण तो आपल्या कप्प्यात मिसळला असेल तर आपली खरी तूट झाकतो. बाहेर गेलेल्या आपल्या मालासाठी, परत न आलेल्या चलनांची यादी काढून समोरच्या पक्षाकडून त्याच तारखेचे लेखी शिल्लकपत्र मागवावे. तेथे कापण्यात किंवा घडणीत गेलेली घट ठरलेल्या प्रमाणात आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

नाकारलेला माल आवकेत जमा होऊन परतीच्या वाटेवर पडून असेल, तर तो परतीची नोंद होईपर्यंत आपल्याच साठ्यात मोजावा. वाटेतील मालाची बाजू प्रश्न २ मधील शेवटच्या चलन क्रमांकावरून ठरवावी.

१३. एकाच वस्तूत दर महिन्याला थोडीथोडी तूट येते. ही चोरी समजावी का?

एवढ्या लवकर नाही. मागील काही महिन्यांच्या तफावती एका ओळीत मांडाव्यात आणि त्यांच्याशेजारी त्या त्या महिन्याची जावक लिहावी. तूट जावकेच्या प्रमाणात वाढत-घटत असेल, तर कारण वापरात आहे : मापून देताना थोडे जास्त जाणे, तुटलेल्या नगांची भंगार नोंद न होणे, किंवा यादीतील प्रमाण चुकलेले असणे. तूट आवकेच्या प्रमाणात हलत असेल, तर माल येतानाच कमी येतो आहे आणि आपण चलनावरील आकडा न मोजता जमा करत आहोत. पुढच्या दोन-तीन खेपा दारातच मोजल्या की हे कळते.

आवक-जावकेशी काहीही संबंध नसलेली, सहज खिशात मावणाऱ्या आणि बाहेर विकता येणाऱ्या मोजक्याच वस्तूंपुरती मर्यादित असलेली तूट मात्र वेगळी बाब आहे. अशा वस्तूंची मोजणी महिन्याऐवजी आठवड्याला किंवा पाळीला करावी. महिन्याच्या मोजणीतून तीस दिवसांतील कोणत्या तरी दिवशी माल गेला एवढेच कळते, तर पाळीच्या मोजणीतून कोणत्या आठ तासांत गेला ते कळते. कोणाचे नाव घेण्यापूर्वी काळाची ही खिडकी शक्य तितकी लहान करून घ्यावी.

१४. सगळे तपासूनही तूट उरली. समायोजनाची नोंद कोणी करायची?

जो माल सांभाळतो किंवा मोजतो, त्याने ती करू नये. मोजणी पत्रक, फेरमोजणी, पायरीनुसार शोधाची टिपणे आणि कारण असा संच जोडून मंजुरी वेगळ्या अधिकाऱ्याने द्यावी आणि नोंद हिशेब विभागाने करावी. कागद उशिरा चढल्यामुळे आलेल्या तफावतीसाठी समायोजन करायचेच नसते. तेथे मूळ कागद योग्य तारखेने नोंदायचा असतो. समायोजन फक्त खऱ्या तुटीचे. प्रश्न ८ मधील ५२ नगांपैकी ते दोनच नगांचे झाले.

१५. समायोजन केल्यानंतर पुढच्या महिन्यात तोच माल सापडला. जुनी नोंद रद्द करावी का?

जुना महिना बंद झालेला असेल, तर त्यातील नोंदीला हात लावू नये. माल सापडला त्या तारखेने नवी जमा नोंद करावी आणि तीत जुन्या समायोजनाचा क्रमांक, माल कोठे सापडला आणि ती जागा मोजणीतून का सुटली हे लिहावे. सापडलेला माल तोच आहे याची खात्री आधी करावी. खेप क्रमांक किंवा अनुक्रमांक असेल तर तो जुळवावा, आणि नसेल तर मधल्या काळात त्या वस्तूची नोंद न झालेली आवक किंवा परत-जमा नाही ना, ते पाहावे. कित्येकदा असा ‘सापडलेला’ माल म्हणजे एखाद्या विभागाने वापरायला नेऊन स्लिपेशिवाय परत आणून ठेवलेला माल असतो. तसे असेल तर ती सापडलेल्या मालाची जमा म्हणून न घेता त्या विभागाची परत-जमा म्हणून नोंदवावी लागते. मूळ तूट तशीच राहते आणि तिचा शोध पुढे चालू ठेवावा लागतो.